टप्प्याटप्प्याने होणारी विक्री आणि निव्वळ वर्तमान मूल्य

गृहप्रकल्पातील एकूण नफा सारखाच राहिला, तरी पैसा उशिरा आल्यास प्रकल्प तोट्याचा ठरू शकतो. ते कसे, हे या पाठात एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, नाशिकमधील एक लहान विकासक १२ सदनिकांची इमारत बांधतो. जमीन व परवानग्या यांसाठी आरंभीच २०० लाख रुपये लागतात. पुढील तीन वर्षे बांधकामावर दरवर्षी १२० लाख खर्च होतात. प्रत्येक सदनिकेची किंमत ५५ लाख आहे. एकूण खर्च ५६० लाख, एकूण विक्री ६६० लाख. म्हणजे नफा १०० लाख.

भांडवलावर वर्षाला १५ टक्के परतावा मिळावा, अशी विकासकाची अपेक्षा आहे. म्हणून एका वर्षानंतरच्या एका रुपयाचे आजचे मूल्य १ ÷ १.१५, म्हणजे सुमारे ०.८७० रुपये, दोन वर्षांनंतरच्या रुपयाचे ०.७५६ आणि तीन वर्षांनंतरच्या रुपयाचे ०.६५८.

दरवर्षी चार सदनिकांची किंमत हाती आली, तर जमा २२० लाख आणि खर्च वजा जाता शिल्लक १०० लाख. तिन्ही वर्षांच्या शिलकीचे आजचे मूल्य ८७ + ७५.६ + ६५.८ = २२८.४ लाख होते. त्यातून आरंभीचे २०० लाख वजा केल्यास निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे २८ लाख उरते. प्रकल्प स्वीकारार्ह आहे.

आता समजा, अनुक्रमे एक, तीन आणि आठ सदनिकांची किंमत आली. नफा तोच, १०० लाख. मात्र वार्षिक शिल्लक उणे ६५, ४५ आणि ३२० लाख होते. तिचे आजचे मूल्य सुमारे १८८ लाख. म्हणून निव्वळ वर्तमान मूल्य उणे १२ लाख. शिवाय पहिल्या वर्षाची ६५ लाखांची तूट विकासकाला स्वतःच भरून काढावी लागते. लहान विकासकाचा प्रकल्प बहुधा येथेच अडतो.

असे गणित मांडताना दोन चुका टाळाव्यात. पहिली, नोंदणी झाली त्या वर्षी पूर्ण किंमत जमा धरणे. खरेदीदार हप्त्यांनी पैसे देतो. शिवाय स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार त्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र बँकखात्यात ठेवावा लागतो आणि काम पूर्ण होईल त्या प्रमाणातच काढता येतो. दुसरी, कर्जावरील व्याज खर्चात धरून पुन्हा भांडवलाच्या दरानेही वटाव करणे. त्यामुळे एकच भार दोनदा मोजला जातो.

स्वाध्याय : अनुक्रमे तीन, चार व पाच सदनिकांची किंमत आल्यास निव्वळ वर्तमान मूल्य काढा. (उत्तर : सुमारे १७ लाख.)