पिन तीच, काम वेगळं

हॉस्टेलच्या कार्यक्रमाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं ठरलं की कोणीतरी हॉलमधला मोठा माइक घेऊन येतं आणि दुसरं कोणीतरी एम. जी. रोडवरून एक कनेक्टर आणतं. पिन भोकात बसते, स्क्रीनवर आवाजाची रेघ नाचते आणि सगळे खूश होतात. रेघ मात्र नाचत असते मोबाईलच्या स्वतःच्या माइकवर! मागच्या वर्षी एका सीनियरने असंच तासभराचं भाषण टिपलं. त्यात पंखा अगदी स्पष्ट ऐकू येतो, वक्ता मात्र शेजारच्या खोलीत असल्यासारखा.

यंदा अशी चूक परवडणारी नव्हती. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आमच्या वर्कशॉपमधून फार पूर्वी रिटायर झालेले एक काका बोलणार होते. १९६९ साली गोदावरीला महापूर आला तेव्हा ते पंचवटीत राहायचे. दुतोंड्या मारुती पाण्याखाली जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं, म्हणजे "काका, परत एकदा बोला ना" म्हणायची सोय नाही. म्हणून आदल्या आठवड्यात आम्ही तिघे मल्टिमीटर घेऊन बसलो.

आधी पिन बघू. ३.५ मिमीच्या पिनेवर काळे पट्टे असतात. एक पट्टा असला तर धातूचे दोन भाग, दोन पट्टे असले तर तीन आणि तीन पट्टे असले तर चार. टोकाला टिप म्हणतात, मधल्या भागांना रिंग आणि वायरकडच्या भागाला स्लीव्ह. मोबाईलला चार भागांची पिन लागते. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये टिपवर डावा आवाज, पहिल्या रिंगवर उजवा, दुसऱ्या रिंगवर ग्राउंड आणि स्लीव्हवर माइक असतो. तीन भागांची पिन घातली तर तिची लांब स्लीव्ह माइक आणि ग्राउंड या दोन्हींवर टेकते आणि त्यांना शॉर्ट करते. फोनला वाटतं, नुसता हेडफोन लावलाय. तो आपला स्वतःचा माइक चालू ठेवतो. सीनियरच्या पंख्याचं रहस्य एवढंच.

पण खरी गंमत तीन भागांच्या पिनेची आहे. हीच पिन दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरतात. हेडफोनमध्ये टिपवर डावा आणि रिंगवर उजवा असे दोन आवाज असतात. बॅलन्स्ड माइकमध्ये आवाज एकच, पण दोन तारांवर उलटसुलट: एकीवर वर जातो तेव्हा दुसरीवर खाली. (मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे बॅलन्स्डला "संतुलित" म्हणायला जीभ वळत नाही. माफी असावी.) वाटेत ट्यूबलाइटची किंवा मेन लाइनची गुणगुण शिरली तर ती दोन्ही तारांवर सारखीच शिरते. पलीकडचं मिक्सर दोन्हींमधला फरक घेतं, म्हणून गुणगुण वजा होते आणि आवाज उरतो. स्टेजवर लांबच लांब वायर टाकूनही माइक स्वच्छ वाजतो तो यामुळे.

मोबाईलमध्ये मात्र हा फरक काढणारा भागच नसतो. त्याला माइकची एक तार कळते आणि ग्राउंड कळतं. म्हणजे बॅलन्स्डपणा कुठेतरी संपवावाच लागतो, आणि तो कुठे व कसा संपतो हे पिनेकडे बघून कळत नाही.

आमच्या माइकला खाली तीन पिनांचा एक्सएलआर होता: १ नंबर शील्ड, २ आणि ३ नंबरवर आवाजाच्या दोन तारा. दुकानातून आणलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाला तीन भागांची ३.५ मिमी पिन होती. मीटर कंटिन्युइटीवर ठेवला, एक काडी एक्सएलआरच्या ३ नंबरला लावली आणि दुसरी पिनेला. रिंगला लावल्यावर बीप, स्लीव्हला काहीच नाही. म्हणजे वायर बॅलन्स्ड जोडणीची. स्लीव्हला बीप आला असता तर ती अनबॅलन्स्ड. बाहेरून दोन्ही वायरी जुळ्या बहिणी!

मग जी वाय आकाराची दोन भोकांची कॉर्ड होती, तिच्या माइकच्या भोकात एक मोकळी पिन घालून मोजलं. आत टिप आणि रिंग एकमेकांना जोडलेल्या निघाल्या. आता जुळवून बघा. २ नंबर टिपवर, ३ नंबर रिंगवर आणि कॉर्डच्या आत दोन्ही एक. माइकच्या कॉइलची दोन्ही टोकं एकत्र आली, आवाज शून्य. रिंग मोकळी असती तरी फायदा नव्हता, कारण कॉइलचं दुसरं टोक ग्राउंडला पोचतच नाही. सर्किट अपुरं राहतं आणि नुसती गुणगुण येते.

म्हणून कॉर्ड बाजूला ठेवली आणि वायरची पिन कापून चार भागांची नवीन पिन जोडायचं ठरवलं. मोबाईलकडच्या टोकाला १ आणि ३ नंबर एकत्र करून दुसऱ्या रिंगवर, २ नंबर स्लीव्हवर, टिप आणि पहिली रिंग रिकामी.

एवढ्यावर भागत नाही. फोन माइकच्या तारेवर स्वतःहून थोडं डीसी व्होल्टेज सोडतो आणि पलीकडे किती रेझिस्टन्स आहे ते बघतो. हेडसेटच्या माइकचा १००० ओहमच्या वर असतो. आमच्या डायनॅमिक माइकची कॉइल मीटरवर २८० ओहम दाखवत होती. अँड्रॉइड हेडसेटमध्ये साधारण २४० ओहम म्हणजे व्हॉल्यूम वाढवायचं बटण! तेव्हा फोन कधी माइक नाहीच असं धरून चालतो, तर कधी बटण दाबलंय असं समजतो. शिवाय ते डीसी नाहक कॉइलमधून वाहतं.

उपाय काही रुपयांचा आहे. २ नंबरच्या तारेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, त्याचं प्लस टोक फोनकडे. तो डीसी अडवतो आणि आवाज जाऊ देतो. कपॅसिटरच्या फोनकडच्या बाजूला, स्लीव्ह आणि ग्राउंडच्या मध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला, म्हणजे फोनला माइक दिसतो. हे सगळं एका छोट्या डबीत बसतं. रेझिस्टरमुळे आवाज किंचित, दोनएक डेसिबलने उतरतो. डायनॅमिक माइक मुळात कमी सिग्नल देतो, त्यामुळे तोंडापासून चार बोटांवर धरावा लागतो. काकांना तसं सांगितलं तर म्हणाले, "अरे, माइक खायचाय का मी?" पण धरला.

पिनेचं बाहेरचं धातूचं कव्हर बहुधा स्लीव्हला, म्हणजे इथे माइकच्या तारेला जोडलेलं असतं. हात लागला की गुर्रर्र. वर टेप गुंडाळली. वायर दोन मीटरच ठेवली, कारण फोन गुणगुण वजा करून देत नाही. चार्जरही काढून ठेवला.

आपल्या फोनला गोल भोक नसेल तर सी-टाइपचा कनेक्टर लागतो. त्यातले काही फक्त हेडफोनचे असतात, माइकची तारच नसते. म्हणून सुरू करण्याआधी नखाने बाहेरच्या माइकची जाळी हलकेच खरवडायची, मग फोनचं खालचं भोक. ज्यावर रेघ उसळते तो माइक चालू. कंडेन्सर माइक असेल तर हा खटाटोप करूच नका. त्याला बहुधा ४८ व्होल्ट लागतात आणि ते फोन देत नाही, मध्ये मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेस हवाच.

काकांचं रेकॉर्डिंग ४१ मिनिटांचं झालं. पंखा आहे, पण लांब. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते सांगताना ते मध्येच थांबले होते, ती शांतताही नीट आली आहे. फाइल लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर आहे, डबी रूम नंबर १७ मध्ये. न्यायची तर वहीत सही करून न्या.