बदलीवाल्या घराचं बोर्ड

सूनबाई, मालगुंडच्या बाजूला शाळेच्या कचेरीत मी तीस वर्षं दाखले लिहिले. बँकवाल्यांची, पोलिसांची, दीपगृहावरच्यांची मुलं येताना पाहिली आणि जातानाही. म्हणून सांगतो, राज्य बोर्ड चांगलं की सीबीएसई, हा वाद तुझ्यासाठी नाहीच. पहिला प्रश्न एवढाच, की बदली राज्याची वेस ओलांडते का?

बदल्या राज्याबाहेर जाणार नसतील, तर राज्य बोर्डासारखी सोय नाही. गणपतीपुळ्याहून गडचिरोलीला गेलीस तरी बालभारतीचं तेच पुस्तक आणि जूनमध्येच सुरू होणारं वर्ष. राज्य सरकारी नोकरांच्या नेहमीच्या बदल्याही एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणजे शाळेच्या सुट्टीतच. तिथे मी बोर्ड बदलायला सांगितलं नसतं.

पण आमचा भाचा बँकेत अधिकारी. आज गणपतीपुळ्याची शाखा, तीन वर्षांनी सुरत की भोपाळ, कोणी सांगावं! तुझी लेक आत्ता सातवी पास झाली. इथलं एक वर्ष सरलंय, म्हणजे बदली येणार ती नववी संपता संपता. नेमका हाच सांधा सगळ्यांत वाईट. सीबीएसई नववीत मुलांची नोंदणी करून घेते आणि दहावीत सहसा आपल्याच शाळांतून नववी झालेल्यांना बसवते. पालकांच्या बदलीमुळे सूट मिळते. पण बदलीचा आदेश, गुणपत्रक आणि शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असलेला दाखला लागतो आणि बोर्डाची परवानगीही.

असाच एक मुलगा आमच्या शाळेतून नववी झाला आणि बापाची बदली गुजरातेत झाली. तिथे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले होते, हा पोहोचणार होता जूनमध्ये. वर मराठी शिकवणारी शाळा सापडेना. सीबीएसईच्या यादीत मराठी आहे, पण ती त्या शाळेत शिकवत असतील तर उपयोग. शेवटी आई आणि मुलगा वर्षभर इथेच राहिले, बाप एकटा गेला. दहावी इथून झाली, मग अकरावीला सगळे तिकडे. मला तो निर्णय योग्यच वाटतो. दहावीनंतर बोर्ड बदलणं सोपं, कारण तिथे बरीच मुलं नव्यानं प्रवेश घेतात.

तेव्हा तुझ्यापुढे दोन वाटा. एक, आत्ताच आठवीला सीबीएसईत घाल, म्हणजे पुढची बदली सीबीएसईतून सीबीएसईत होईल. दुसरी, राज्य बोर्डातच ठेव आणि दहावीचं एक वर्ष तू तिच्याबरोबर इथे राहा. पहिली वाट धरायची तर रत्नागिरीच्या केंद्रीय विद्यालयात चौकशी कर. तिथे मागच्या सात वर्षांतल्या बदल्या मोजतात, म्हणून प्रत्येक बदलीचा आदेश जपून ठेवा. पण आधी आरे-वारेच्या रस्त्यानं पावसात एकदा स्वतः जाऊन वेळ बघ. रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर मुलीला जमेल का, ते कागदावर कळत नाही.

आणि एक परीक्षा घरीच घे. एनसीईआरटीची सातवीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. पोर सेमीतली, म्हणून गणितापासून सुरुवात करू नकोस. गणित-विज्ञान ती इंग्रजीतच शिकलीय. ही मुलं अडतात ती इतिहास-भूगोलात. इंग्रजीतला एक धडा वाचून पाच ओळी स्वतःच्या मनानं लिहायला सांग. लिहिल्या तर चार महिन्यांत रुळेल. नुसते शब्द विचारत राहिली, तर मी दुसरी वाट धरीन.

मराठीचं म्हणशील, तर महाराष्ट्रात असेपर्यंत सीबीएसईतही ती दहावीपर्यंत सुटत नाही. 2020च्या कायद्यानं सक्तीची आहे. राज्याबाहेर मात्र तुलाच बालभारती उघडून बसावं लागेल.

अजून एक गैरसमज काढून टाक. पोरीला डॉक्टर व्हायचंय, म्हणून राज्य बोर्डच हवं, असं शेजारीण म्हणाली ना? राज्याच्या कोट्यात बोर्ड बघत नाहीत, शाळा कुठे आहे ते बघतात. अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून लागतात. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण त्यात बँकवाले बसतात का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय धरून चालू नकोस. म्हणजे तिची दहावी आणि बारावी कुठे होणार, हे भाच्याबरोबर आत्ताच बोलून घे. दहावीनंतर वसतिगृहात ठेवायचं की नाही, हेही त्यातच आलं.

आणि दाखला हातात पडला की कचेरीतच उभी राहून वाच. आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी, जन्मगाव. आमच्याकडूनच एकदा जन्मगावाचा तालुका चुकला होता. शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती करायला त्या मुलाच्या आईला इंदूरहून तीनदा यावं लागलं.