अहवालातला ७.६

माझ्या एचबीएवनसीचा अहवाल ७.६ आला. या आकड्याचा अर्थ असा की गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी १७० च्या आसपास राहिली. घरच्या ग्लुकोमीटरवर मात्र उपाशीपोटी १०५ आणि जेवणानंतर दीडशेच्या आतबाहेर दिसायचं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं. अहवालावर विश्वास ठेवून ग्लिमेपिराइडची गोळी एकवरून दोन मिलिग्रॅम केली गेली, आणि पुसदच्या बाजारात ऐन दुपारी दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले. दुकानदाराने साखरपाणी पाजलं. पर्समधल्या मीटरवर ५८ होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी मधुमेहाची फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का?" होत होता, बरीच वर्षं. सीबीसी केली तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ निघालं आणि फेरिटिन फक्त ७. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला.

त्यांनी सांगितलेलं कारण असं. एचबीएवनसी साखर थेट मोजत नाही, हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जितकी म्हातारी होईल तितकी साखर तिला जास्त चिकटते. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्यांचा भरणा वाढतो, आणि साखर न वाढताही आकडा चढतो. उलट रक्तस्राव नुकताच झाला असेल, पेशी लवकर फुटत असतील किंवा रक्त चढवलं असेल, तर तोच आकडा खोटा कमी येऊ शकतो.

मग फ्रुक्टोसामिन केली. ही तपासणी लाल पेशींकडे बघतच नाही. रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजते. त्यामुळे मागच्या दोन-तीन आठवड्यांचाच हिशेब मिळतो. उपाशी राहावं लागत नाही. आमच्याकडच्या लॅबने नमुना बाहेर पाठवला, म्हणून उत्तराला वेळ लागला. माझा आकडा २६४ आला. बहुतेक प्रयोगशाळा २८५ पर्यंत सामान्य धरतात. ढोबळ रूपांतर हवं असेल तर आकड्याला ०.०१७ ने गुणायचं आणि १.६१ मिळवायचे. माझं उत्तर ६.१ निघालं, मीटरशी जुळणारं. गोळी परत कमी झाली, लोह सुरू झालं.

लोहाच्या गोळ्यांनंतर काही आठवड्यांनी एचबीएवनसी ६.५ आली. घरात आनंद झाला, डॉक्टरांना झाला नाही. नव्या, कोवळ्या पेशींची लाट आली की आकडा तात्पुरता खरा असावा त्याहूनही खाली जातो. रक्त स्थिरावेपर्यंत त्यांनी फ्रुक्टोसामिनवरच भरवसा ठेवला.

माझ्या भावाची गोष्ट याच्या उलट. त्याची एचबीएवनसी ६.१, पण जेवणानंतरची साखर २३० पर्यंत जायची. "तुझं मीटरच बिघडलंय," असं आम्ही म्हणत होतो. त्याच्या सीबीसीत हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही ६३, पण लाल पेशींची संख्या ५८ लाख. एमसीव्हीला लाखांऐवजी दशलक्षातल्या संख्येने, म्हणजे ५.८ ने भागलं की सुमारे ११ येतात. उत्तर तेराच्या खाली असेल तर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाची शंका घ्यावी. माझं तेच उत्तर (६८ भागिले ४.१) साडेसोळाच्या वर होतं, लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवणारं. हा नुसता आडाखा आहे. पक्कं निदान भावाच्या एचबीए-टू तपासणीने झालं. ती ५.२ आली, साडेतीनच्या बरीच वर. त्याचं फ्रुक्टोसामिन ३६८ होतं, म्हणजे सुमारे ७.९. त्याला औषध वाढवून मिळालं. लोह मात्र नाही, कारण त्याचं फेरिटिन ठीक होतं. वाहकत्वात आकडा कुठल्या बाजूला चुकेल हे प्रत्येकात सारखं नसतं, तपासणीच्या पद्धतीवरही ते ठरतं. म्हणून भावाचं बघून दुसऱ्या कुणी स्वतःच्या अहवालात दीड-दोन मिळवू नयेत.

फ्रुक्टोसामिनलाही मर्यादा आहेत. लघवीतून प्रथिनं जात असतील, यकृत खराब असेल, अल्ब्युमिन कमी असेल तर ते खोटं कमी येतं. थायरॉइडच्या आजारातही फसवतं. म्हणून त्याच रक्तातून अल्ब्युमिन मोजून घ्यायला सांगा. ग्लुकोमीटरही धुतल्या तांदळासारखं नाही: तीव्र रक्तक्षयात काही मीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. शिरेतल्या रक्ताची लॅबमधली साखर त्याच वेळच्या मीटरच्या आकड्याशी एकदा ताडून बघावी.

आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो. वाहक असाल तर एचबीएवनसी करताना लॅबला तसं आधीच सांगा, कारण काही यंत्रांवर ते हिमोग्लोबिन मोजणीत ढवळाढवळ करतं. प्रत्यक्ष आजार असलेल्याच्या रक्तात तर ज्याच्यावर ही तपासणी उभी आहे ते नेहमीचं हिमोग्लोबिनच जवळपास नसतं. तिथे एचबीएवनसी मागूच नये.