पत्र वाचले, आता पुढे काय करावयाचे?

कोकणातील हापूस बागायतदारांचा एखादा गट पुण्या-मुंबईच्या जुन्या ग्राहकांना मार्च महिन्यात ई-मेल पाठवितो असे समजू. मजकुरात बागेची माहिती असते, फळ अढीत कसे पिकविले जाते याचे वर्णन असते आणि छायाचित्रेही चांगली असतात. शेवट मात्र असा होतो :

‘तरी आपण या संधीचा अवश्य लाभ घ्यावा. अधिक माहितीसाठी आमच्या संकेतस्थळास भेट द्यावी अथवा खालील क्रमांकांवर संपर्क साधावा. आमचे फेसबुक पृष्ठही पाहावे. आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.’

या चार वाक्यांत व्याकरणाचा दोष नाही. तरीही ग्राहकाला आंबा मागवायचा असल्यास प्रथम काय करावयाचे, ते त्यातून कळत नाही. संकेतस्थळ, दूरध्वनी आणि फेसबुक अशा तीन वाटा एकाच वेळी दाखविल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती वाट पेटीपर्यंत जाते ते सांगितलेले नाही. ही लेखनपद्धती बहुधा कार्यालयीन पत्रव्यवहारातून आलेली असते. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे एका कार्यालयाने दुसऱ्यास लिहिले तर चालते, कारण पुढील कार्यपद्धती त्या कार्यालयास ठाऊक असते. ग्राहकाजवळ अशी कोणतीही नियमावली नसते. तो ई-मेल बाजूला ठेवतो आणि नंतर विसरतो.

शेवट नव्याने लिहिण्यापूर्वी गटाला या ग्राहकाकडून नेमके काय हवे आहे, हे ठरविणे आवश्यक असते. मार्चमध्ये गटाची खरी गरज पेट्यांच्या संख्येची आहे, कारण तोडणी, खोके आणि वाहतूक यांची जुळणी त्या संख्येवरच अवलंबून असते. तेव्हा मागणी एकच : पेटीची नोंदणी. फेसबुकचा उल्लेख गाळावा. सुधारलेला शेवट पुढीलप्रमाणे होईल. दर व तारखा अर्थातच नमुन्यादाखल आहेत :

‘यंदाच्या पेट्या १० एप्रिलपासून रवाना होतील. दोन डझनांच्या पेटीचा दर वाहतुकीसह १,६०० रुपये आहे.

माझी पेटी नोंदवा

या बटणानंतर नाव, पत्ता व पेट्यांची संख्या एवढेच विचारले जाईल. पैसे आता भरावयाचे नाहीत. तोडणीचे नियोजन करावयाचे असल्याने नोंदणी ३१ मार्च रोजी बंद होईल. बटण उघडत नसल्यास याच ई-मेलला उत्तर देऊन पेट्यांची संख्या कळवावी.’

येथे बटणावरील शब्द महत्त्वाचे आहेत. ‘येथे क्लिक करा’ या शब्दांतून पुढे काय होणार ते समजत नाही. ‘माझी पेटी नोंदवा’ या तीन शब्दांत कृती आणि तिचे फळ दोन्ही येतात. बटणाखालील मजकूर ग्राहकाच्या मनातील शंका दूर करतो. लगेच पैसे मागतील काय, ही त्यांतील सर्वांत मोठी. अंतिम तारखेचे कारण दिले आहे आणि ते खरे आहे. १ एप्रिलनंतरही नोंदणी चालूच राहिली, तर पुढील वर्षी त्या तारखेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

काही चुका शब्दांबाहेरच्या असतात. बटण चित्ररूपात असेल आणि वाचकाच्या ई-मेलमध्ये चित्रे बंद असतील, तर तेथे रिकामी चौकट दिसते. म्हणून बटणावरील अक्षरे मजकूर म्हणूनच असावीत. जीमेलमध्ये सुमारे १०२ किलोबाइटपेक्षा मोठा मजकूर मध्येच तोडला जातो. यात छायाचित्रांचे वजन धरले जात नाही. परंतु मजकूर व मांडणीचे सांकेतिक लेखन फार लांबले, तर नेमका शेवटच नाहीसा होतो. बटण दाबल्यावर नोंदणीपत्रकाऐवजी संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडले, तर ग्राहक पुन्हा पहिल्याच प्रश्नापाशी येतो.

दोष कोठे आहे ते दोन आकड्यांवरून ओळखता येते : बटण किती जणांनी दाबले आणि नोंदणी किती जणांनी पूर्ण केली. पहिला आकडा पुरेसा असून दुसरा अगदी लहान असेल, तर दोष नोंदणीपत्रकात शोधावा. पहिलाच लहान असेल, तर शेवट तपासावा. अर्थात दरच परवडत नसेल, तर शेवट कितीही सुधारून उपयोग नाही. ई-मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर मात्र विसंबू नये. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून आलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे वाचकाने न उघडलेला ई-मेलही उघडला असे नोंदले जाऊ शकते. शिवाय यादी दोनशे जणांची असेल, तर दोन-तीन नोंदण्यांच्या फरकावरून जुन्या-नव्या शेवटाचा निवाडा करता येत नाही.

अशा लहान यादीसाठी अधिक उपयुक्त चाचणी सोपी आहे. गटाबाहेरील एका व्यक्तीला मोबाईलवर केवळ शेवटचा भाग दाखवावा आणि आता ती काय करील, किती पैसे लागतील आणि ते कधी द्यावे लागतील, असे विचारावे. उत्तर देण्यासाठी तिला मजकूर पुन्हा वर सरकवावा लागला, तर जी माहिती तिने वर शोधली तीच बटणाजवळ आणावी.