शनिवार-रविवार कुणाचा?

नवरा बेंगळुरूला, मी पुण्यात. असं राहणारी जोडपी आता घरोघरी आहेत, त्यामुळे का आणि कसं ते सांगत बसत नाही. मात्र तो शनिवार-रविवारसाठी येतो तेव्हा काय होतं, ते सांगणार आहे. कारण गेल्या खेपेला जे झालं त्यावर सासरच्या सगळ्यांनी आपापलं मत दिलं, आणि मला कुणी विचारलंच नाही.

दोन महिन्यांनी येत होता. मी शुक्रवारी अर्धी रजा टाकून घर आवरलं, त्याच्या आवडीचं सगळं आणून ठेवलं. शनिवारी साडेअकराला स्वारी दारात. बस चौदा तास चालली होती, डोळे तांबारलेले. बॅग उघडली तर वर लॅपटॉप आणि खाली आठवड्याचे न धुतलेले कपडे. आंघोळ, जेवण आणि सरळ झोप. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बसमध्ये कुणाला झोप लागते? पण पाचला उठल्या उठल्या म्हणाला, "अगं, आठला कॉलेजच्या मंडळींना हो म्हटलंय. आणि उद्या सकाळी साताऱ्याला निघू. आईला मी मागेच सांगून ठेवलंय."

मागेच म्हणजे कधी? मला का नाही सांगितलं? "दोन तासांचं तर अंतर आहे," हे त्याचं उत्तर.

दोन तासांचं अंतर रविवारी सकाळी तीन तासांचं होतं, हे खंबाटकी घाटात अडकलेल्या कुणालाही विचारा. साताऱ्याला पोचलो तोवर बारा वाजत आले होते. सासूबाईंनी पुरणपोळीचा घाट घातला होता, मोठ्या जाऊबाई मुलांना घेऊन आल्या होत्या, शेजारचे काका-काकू बसून होते. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांचाही मुलगा आहे. पण त्या घरात आम्ही दोघं एका खोलीत पाच मिनिटं बसलो नाही.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी त्याला विचारलं, "बस किती वाजता रे तुझी?" तो हात धूत होता. मला म्हणाला, "फोनमध्ये तिकीट आहे, बघ गं जरा." मी बघितलं. खाली लिहिलं होतं, बोर्डिंग पॉइंट: सातारा. तिकीट गुरुवारी काढलेलं. म्हणजे मी पुण्यात घर आवरायला घेतलं त्याच्या आधीच यानं ठरवून टाकलं होतं, की तो साताऱ्यातूनच बेंगळुरूची बस पकडणार आणि मी एकटी परत जाणार.

"अगं, बस इथूनच तर जाते. पुण्याला जाऊन परत इथूनच जायचं, हे वेडेपण नाही का?" हिशेब बरोबर होता, त्यानेच तर जास्त लागलं. मी सगळ्यांसमोर काही बोलले नाही. चार वाजता स्टँडवरून स्वारगेटची विनाथांबा एसटी पकडली आणि निघाले. सासूबाई नंतर फोनवर म्हणाल्या, "सूनबाई जरा रुसल्या वाटतं." रुसले नव्हते, चिडले होते.

एसटीत मी मोबाइलवर हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडा, फार डोळे उघडतात. शुक्रवारी रात्रीच्या बसने येणारा माणूस शनिवारी दुपारी चारपर्यंत कशाच्याच कामाचा नसतो. सोमवारी कामावर हजर व्हायचं तर रविवारी पाच-सहाला बस धरावी लागते. मधले पंचवीस तास. झोपेचे आठ गेले, बॅग भरून थांब्यावर पोचायचा दीड तास गेला. उरले साधारण पंधरा. आमच्याकडे शनिवारचे चार तास मित्रांना गेले, रविवारचे तीन घाटाला आणि चार सातारच्या माणसांना. चार उरतात, त्यातही यानं बस साताऱ्यातूनच धरली आणि मी चारलाच निघाले. राहिलं काय? दोन वेळचा चहा. मग 'इतक्या दिवसांनी आलो तरी तू तोंड फुगवून' हे ऐकायचं.

तेव्हा, ज्यांना करता येईल त्यांनी पुढच्या गोष्टी कराव्यात.

पहिली, परतीच्या वेळेला हात घाला. ज्याला घरून काम करायची मुभा आहे त्याने सोमवारी इथूनच लॅपटॉप उघडावा आणि सोमवारी रात्रीची बस धरावी. दिवसभर तो मीटिंगमध्ये असेल, चालेल. पण रविवारची संध्याकाळ परत मिळते आणि तीच सगळ्यात महाग असते. ते जमत नसेल तर येताना विमान बघा, जाताना बस. उड्डाण दीड तासाचं असलं तरी बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या पार उत्तरेला. इलेक्ट्रॉनिक सिटीतून शुक्रवारी संध्याकाळी तिथे पोचायलाच अडीच तास धरा. तरीही माणूस मध्यरात्री घरी येऊन आपल्या गादीवर झोपतो, आणि शनिवार सकाळपासून तुमचा होतो. पैसे जातात, म्हणून दर खेपेला नाही, खूप दिवसांची ताटातूट झाली असेल त्या खेपेला.

दुसरी, आई-वडील वाटेवर असतील तर त्यांच्याकडे जाताना नाही, येताना उतरा. बेंगळुरूची बस साताऱ्याला पुण्याच्या दोन तास आधी पोचते. शनिवारी सकाळी तिथे उतरायचं, आईच्या हातचं खायचं, तिथेच झोप काढायची आणि संध्याकाळी पुण्याला यायचं. नाहीतरी तो वेळ झोपेतच जाणार असतो. आईला मुलगा मिळतो, रविवार अख्खा बायकोचा. आणि सासूबाईंना हे त्यानेच सांगायचं, सुनेनं नाही. सुनेनं सांगितलं की ते सांगणं राहत नाही, भांडण होतं.

तिसरी, मित्र. दोन महिन्यांनी मित्रांना भेटणं मी समजू शकते. पण ते एका जेवणात आणि आधी कळवून. पहिल्या संध्याकाळी नको. फोनवर रोज बोललेली माणसंही समोरासमोर आली की पहिले काही तास अवघडतात, नेहमीचं बोलणं सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात चार मित्र आले की तुम्ही यजमान होता.

चौथी, 'बदलीचं काय झालं', 'परत कधी येणार', 'हप्ता कोण भरतंय' हे विषय रविवारच्या जेवणानंतर काढायचे नाहीत. बसची वेळ जवळ आलेली असते, बोलणं अर्धवट राहतं, मग ते फोनवर पुढे चालतं आणि घाटात रेंज जाते. तो म्हणतो फोन मुद्दाम कापला नाही. असेल. हे विषय आधीच्या बुधवारी फोनवर संपवा, नाहीतर रविवारी सकाळी चहासोबत, दोघांची झोप झालेली असताना.

बाकी नेहमीचं, एकमेकांना समजून घ्या, अपेक्षा कमी ठेवा वगैरे. ते सगळेच सांगतात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तिकीट दोघांनी मिळून काढा. एक फोनवर, दुसरा ॲपवर, चढण्याचा थांबा वाचून दाखवत. आमच्याकडे आता असंच चालतं. तो म्हणतो हा अविश्वास झाला. म्हणू दे.