भाड्याचं घर विकत मागताना

अगं, ज्या घरात राहतेस तेच विकत घ्यावंसं वाटतंय, तर करार संपायच्या दोन-तीन महिने आधी मालकांशी बोल. भाडेवाढीच्या बोलण्यात हा विषय आणलास, तर भाडं आणि किंमत दोन्ही चढतील.

भाव विचारण्याआधी तो स्वतः काढ. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या इमारतीतल्या व्यवहारांचा इंडेक्स टू पाहायला मिळतो. त्यात क्षेत्रफळ, तारीख आणि करारातली रक्कम असते. समजा, पुण्यात तुमच्याच सोसायटीत ६०० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट नुकताच ६६ लाखांना गेला, म्हणजे फुटाला ११,००० रुपये. तुझा ५८० फुटांचा, म्हणजे साधारण ६४ लाख. मालक ७२ म्हणाले तर वाद घालू नकोस. तो आकडा कार्पेटवर आहे की बिल्टअपवर, पार्किंग धरून की सोडून, एवढंच विचार. फरक बहुतेक वेळा तिथेच सापडतो. पुण्यात वर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ३०,००० लागतील, म्हणजे ६४ लाखांवर पावणेपाच लाखांहून थोडे जास्तच. आपला हात कुठवर पोचतो, हे मात्र आधी सांगू नकोस.

मालक म्हणाले, ‘आत्ता विकायचा विचार नाही,’ तर एवढंच म्हण, ‘काका, कधी विकायचं ठरलं तर आधी आम्हाला विचाराल ना?’ ते हो म्हणतील. पण त्या शब्दावर विसंबू नकोस. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात भाडेकरूला आधी विकत घेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

म्हणून नव्या करारात ही अट घालून घे, कारण तो करार नोंदवावाच लागतो. अट अशी: बाहेरचं गिऱ्हाईक आलं तर मालकांनी त्याची किंमत आणि अटी लेखी कळवायच्या. आम्ही पंधरा दिवसांत त्याच किमतीला हो म्हटलं, तर विक्री आम्हालाच. मुदत लिहिली नाही तर ‘विचारलं होतं, उत्तर आलं नाही’ म्हणायला वाव राहतो. शेअर सर्टिफिकेट बघून त्यावर जितकी नावं असतील तितक्यांच्या सह्या घे; सहमालक असलेल्या भावाची सही राहिली तर अट लंगडी पडते. करार संपला की अटही संपते, तेव्हा दर वेळी ती पुन्हा घाल.

सौदा ठरलाच तर मालकांच्या कर्जाचं बँकेचं पत्र आणि सोसायटीचा नो ड्यूज दाखला पाहूनच टोकन दे, तेही चेकने. आणि भाडं कोणत्या तारखेपासून थांबणार, डिपॉझिट किमतीत वळतं होणार का, हे त्याच कागदावर लिहून घे. बँकेचं कर्ज मंजूर होईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, आणि तेवढ्या दिवसांच्या भाड्यावरून ठरत आलेले सौदे अडतात.