कलीला जागा कोण देतो?

कलियुगाचे नाव आपण वारकरी मंडळी फार स्वस्तात घेतो. मापात खोट निघाली, भावाभावांत वाटणीवरून तंटा झाला, की ‘काय करणार, कलियुगच आहे’ म्हणून मोकळे होतो. कोणी तर हे युग संपतच आले म्हणून सांगतात. तेव्हा आधी हिशेब पाहू.

कलीची एकूण वर्षे ४,३२,०००. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. शालिवाहन शकात ३१७९ मिळवावेत, म्हणजे कलीची गेलेली वर्षे निघतात. शके १९४७ च्या आरंभी ती ५१२६ झाली. शंभर भागांतला सव्वा भागही अजून सरला नाही! संकल्पात गुरुजी कलीचा पहिला चरण म्हणतात तो यामुळेच. माउलींची ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे कलीची ४३९१ वर्षे गेल्यावरची. ती याच युगात झाली, कृतयुगात नव्हे.

आता धर्माच्या पायांचे पाहू. भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षिताला एका पायावर उभा असलेला बैल दिसतो. तोच धर्म. कृतयुगात तप, शौच, दया आणि सत्य असे त्याचे चार पाय होते. गर्व, आसक्ती आणि मद यांनी तीन मोडले. सत्याचा तेवढा उरला, आणि असत्याच्या बळावर कली तोही तोडू पाहतो.

राजाने तलवार उपसली, तसा कली पाया पडून राहायला जागा मागू लागला. जुगार, मद्य, व्यभिचार आणि हिंसा ही चार ठिकाणे राजाने दिली. त्याने आणखी मागितले, तेव्हा सोने दिले. बघा, कली आपण होऊन कोठे शिरला नाही. नेमून दिले तेथे गेला.

भाईंदरला कीर्तनानंतर एका वृद्ध माळकऱ्यांनी आम्हांस विचारले, “महाराज, खोली विकताना कागदावर कमी आकडा घालतात, वरचे पैसे हातात देतात. सगळेच करतात. मग हा दोष युगाचाच ना?” आम्ही म्हटले, “बाबा, ते पाचवे ठिकाण झाले, सोन्याचे. आणि कागदावरचा आकडा खोटा, म्हणजे घाव बसला तो उरलेल्या पायावर. सही मात्र युगाची नसते.” (कीर्तनकाराची बिदागीही त्याच पाचव्या ठिकाणातून येते, हे आम्ही विसरत नाही.)

पुढे याच परीक्षिताने ध्यानस्थ शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला. सोन्याच्या मुकुटात कली शिरला म्हणून असे घडले, ही कथा कीर्तनात फार रंगते. पण भागवतात ती नाही. तेथे कारण साधे आहे: राजा तहानभुकेने व्याकूळ होता, पाणी मागूनही ऋषी बोलले नाहीत, आणि त्याला राग आला. घरी परतल्यावर त्याने कलीचे नाव घेतले नाही. आपल्या हातून नीच कर्म घडले, याचीच तो खंत करीत बसला.